मूल कुणाकडे राहणार?

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझ्या पुतणीचा दुसरा निकाह झाला. मी तिचा वकील होतो, म्हणजे तिची संमती विचारून ती काझीसाहेबांपर्यंत पोहोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. घरच्याच हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. जेवणात बिर्याणी आणि दालचा, शेवटी खीर. कुणी कुजबुजलं नाही, कुणी रुसून बसलं नाही. जाताना एक नातेवाईक मला म्हणाले, "जमाना बदला भाई." मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य मला खटकत राहिलं. जमाना बदलला हे खरंच आहे. पण कुणासाठी बदलला, किती बदलला आणि कुठे येऊन अडकला, हे मी या निकाहाच्या आधीचं दीड वर्ष जवळून पाहिलं होतं. ते लिहायचं तर आधी मागच्या दोन पिढ्यांबद्दल लिहावं लागेल, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका कृत्याबद्दलही.

पहिली पिढी माझ्या फुफीची. अब्बांची ही थोरली बहीण. १९५७ साली तिचे यजमान विषमज्वरात गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. जनाजा उचलण्याआधी बायकांनी तिला मय्यतीजवळ नेलं आणि 'मेहेर माफ किया' असं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग दारातल्या दगडावर तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या आणि गळ्यातली काळी पोत काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्यातले काही लोक म्हणाले, की हा त्यांचा प्रश्न, आपल्यात असलं काही नसतं. मला फुफीचे ते हात आठवले. तिच्या मनगटावर काचेची एक बारीक खूण शेवटपर्यंत होती.

फुफी पुढची एक्केचाळीस वर्षं आमच्या घरात राहिली. पहाटे उठायची, शेवया वळायची, आम्हा पोरांना कायदा आणि सिपारा शिकवायची. तिच्या दुसऱ्या निकाहाचा विषय कधी निघालाच नाही. आम्ही विचारलं असतं तर दादी म्हणाली असती, की आपण खानदानी माणसं आहोत.

या 'खानदानी' शब्दात सगळं आलं. आमच्या भागात अनेक जातींमध्ये विधवेचा पाट लागायचा. मोहतूर म्हणायचे त्याला. रात्रीच्या वेळी, थोड्या माणसांत, वाजंत्रीशिवाय. ज्या जाती स्वतःला वरच्या समजत त्यांच्यात मात्र विधवेचं लग्न नव्हतं. त्यामुळे ज्याला वर चढायचं असेल तो पहिल्यांदा काय करायचा, तर आपल्या घरातल्या विधवांचं लग्न बंद करायचा. आम्हीही शेजाऱ्यांकडून हेच शिकलो आणि त्याला शराफत म्हणू लागलो. भाषेतही ते उतरलं. माझ्या दादीच्या बोलण्यात कुमारिकेची 'शादी' व्हायची आणि विधवेचा किंवा तलाकवालीचा नुसता 'निकाह' व्हायचा. जो शब्द मुळात विवाहाचा, तोच आमच्या घरात कमीपणाचा झाला होता.

दीनमध्ये याला काडीचाही आधार नाही, हे वाचकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. हजरत आयेशा सोडल्या तर पैगंबरांच्या सर्व पत्नी आधी विवाहित होत्या. अस्मा बिन्त उमैस यांचा पहिला विवाह जाफर यांच्याशी झाला. ते शहीद झाल्यावर त्यांनी हजरत अबू बकर यांच्याशी आणि त्यांच्या मृत्यूनंतर हजरत अलींशी विवाह केला. एका बाईचे तीन निकाह, तिन्ही त्या समाजातल्या सर्वांत मोठ्या माणसांशी, आणि त्यांच्या इज्जतीला कुठे ओरखडा नाही. हिंदुस्थानातल्या शरीफ घराण्यांतली ही खोड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सय्यद अहमद बरेलवींना इतकी टोचली, की त्यांनी स्वतः आपल्या दिवंगत थोरल्या भावाच्या विधवेशी निकाह केला आणि इतरांनाही तसं करायला सांगितलं. मौलाना अशरफ अली थानवींनी 'बहिश्ती जेवर'मध्ये बायकांना हेच समजावलं. ते पुस्तक आमच्या घरात फुफीच्या उशाशी असायचं. ती ते रोज वाचायची.

पण मला आता वाटतं, की नुसत्या शेजाऱ्यांच्या अनुकरणावर खापर फोडणं सोयीचं आहे. त्यामागे हिशेबही होता. फुफीच्या यजमानांचं पेठेत घर होतं आणि कपड्यांचं दुकान होतं. मूल नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा मिळतो. मूल असेल तर आठवा. ही सुरह निसातली साधी गोष्ट आहे. आणि हा हिस्सा नवरा गेला त्या क्षणी तिचा होतो. पुढे तिनं दुसरं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. १८५६च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्यात लग्नाची मुभा होती, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क लग्न करताच जायचा, जणू ती विधवा मेलीच आहे असं धरून. आपल्याकडे ती अट कधीच नव्हती. म्हणजे आपल्या विधवेला लग्नाची मुभा होती आणि हिस्साही कायम होता. आता दोन्ही बाजूंनी पाहा. ती गप्प घरात बसली तर हिस्सा मागणार नाही. दुसरा नवरा आला तर तो पहिल्याच महिन्यात विचारेल, की तुझं तिकडे काय आहे. फुफीनं ना मेहेर मागितला, ना चौथा हिस्सा. ते दुकान आजही चालू आहे.

दुसरी पिढी माझी. आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९९४मध्ये तिचे यजमान एसटीच्या अपघातात गेले. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि तिचे मुलगे सात आणि चार वर्षांचे. अब्बा आधीच गेले होते, त्यामुळे घरातला मोठा पुरुष मी. बांगड्या या वेळी फोडल्या नाहीत, हळूच उतरवल्या. तेवढी सुधारणा झाली होती. मेहेरचा विषय एका म्हाताऱ्या बाईनं काढला, तेव्हा आपाच म्हणाली, "माफ नहीं करती." मला त्या वेळी तिचं ते बोलणं फार निर्दय वाटलं होतं.

वर्षभरानं जवळच्या तालुक्याच्या गावातून एक स्थळ आलं. गृहस्थ विधुर होते, औषधांचं दुकान होतं, एक मुलगी होती. मध्यस्थानं मला मशिदीबाहेर गाठून विचारलं. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, की आमच्या आपाला दोन मुलं आहेत, आता तिचं आयुष्य त्यांच्यासाठी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, बीएड झालेला होतो, शाळेत सावित्रीबाईंवर भाषणं करत होतो. घरी येऊन मी आपाला काही सांगितलं नाही.

फिक्हमध्ये एक बारकावा आहे, जो मला खूप नंतर कळला. कुमारिकेला विचारलं आणि ती लाजून गप्प राहिली तर तिचं मौन होकार धरतात. पण जिचं आधी लग्न झालेलं आहे तिचं मौन चालत नाही. तिनं तोंडानं बोलायला हवं, कारण स्वतःच्या बाबतीत तिचा अधिकार तिच्या वलीपेक्षा जास्त आहे. मी तर तिला गप्प राहण्याचीसुद्धा संधी दिली नव्हती.

आता तिसरी पिढी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. एप्रिल २०२१मध्ये तिचा नवरा कोरोनानं गेला. ती सत्तावीस वर्षांची होती, तिची मुलगी तीन वर्षांची. मय्यत घरी आलीच नाही. दवाखान्यातून थेट कब्रस्तानात गेली. त्यामुळे मेहेर माफ करून घ्यायला जनाजाच नव्हता. त्या दिवसांत असले विचार मनात आणणंही पाप वाटायचं, पण हिशेबाच्या वेळी तिचा एक्कावन्न हजारांचा मेहेर शाबूत राहिला तो असा.

चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय पहिल्यांदा कुणी काढला असेल, तर आपानं. माझ्या भावाला ती म्हणाली, "पोरीला विचार. तू ठरवू नकोस." भाऊ तयार होता, भावजय तयार होती. हा बदल खरा आहे. पण त्यात पुण्याईपेक्षा परिस्थिती जास्त आहे, हेही सांगायला हवं. फुफीला ठेवून घ्यायला बारा माणसांचं घर होतं. माझा भाऊ दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला एकच मुलगा आहे आणि तो नोकरीसाठी पुण्याला. आपल्यानंतर हिचं कोण, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नव्हता. जुन्या घरात विधवा सामावून जायची. नव्या घरात तिला जागाच नाही, म्हणून तिचं लग्न व्हायला हवं असं आपल्याला पटू लागलं आहे.

स्थळं बघायला लागल्यावर खरी गोष्ट दिसली. निकाहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पंचवीस-तीस बायोडेटा येतात. 'बेवा चलेगी', 'तलाकशुदा चलेगी' असं आता बिनदिक्कत लिहिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी हे कुणी लिहिलं नसतं. पण त्याच्यापुढे स्वल्पविराम असतो आणि मग 'बच्चे नहीं चाहिए' किंवा 'इश्यूलेस'. हे लिहिणाऱ्यांमध्ये स्वतः दोन मुलांचे बाप असलेले विधुरही असतात. त्यांना आपल्या मुलांसाठी आई हवी असते, आणि त्या आईला स्वतःचं मूल नको असतं.

तलाकशुदा मुलींचं दुःख थोडं वेगळं. विधवेची लोक निदान दया करतात, तलाकवालीचा संशय घेतात. शिवाय तिला कागद लागतो. काझीसाहेब तलाकनामा किंवा खुलानामा पाहिल्याशिवाय दुसरा निकाह लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या वस्त्यांमध्ये अशा किती तरी मुली माहेरी बसलेल्या आहेत, ज्यांना नवरा नांदवतही नाही आणि सोडतही नाही. अशा मधल्या मध्ये लटकवण्याला कुरआननं साफ मनाई केली आहे. दोन वर्षं पोटगी दिली नाही, चार वर्षं पत्ता नाही, अशा कारणांवर १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं कोर्टातून सुटका मिळते. माझ्या अनुभवात बाप हे करायला तयार होत नाहीत, कारण 'कोर्टात गेलेली मुलगी' हा शिक्का त्यांना 'लटकलेल्या मुली'पेक्षा जड वाटतो. तोवर तिची तिशी उलटते.

पुतणीकडे परत येतो. दीड वर्षानं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा पस्तिशीचा, खाजगी नोकरीत, खुला होऊन तीन वर्षं झालेली, कागद रीतसर. मुलीसह स्वीकारायला तयार. पुतणी त्याला दोनदा भेटली आणि हो म्हणाली. आणि तिथे सासरकडून निरोप आला: "बहूनं खुशाल निकाह करावा. नात आमच्याकडे राहील."

सासरची माणसं वाईट नाहीत. तरणा मुलगा गेलेला, त्याची एकुलती निशाणी ही मुलगी. त्यांनी त्याआधी आणखी एक तोड सुचवली होती, की पुतणीनं धाकट्या दिराशी निकाह करावा. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान, आणि त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं. यामागे एक फिक्हचा नियम आहे. लहान मुलाचा सांभाळ करण्याचा हक्क, ज्याला हिजानत म्हणतात, तो आधी आईचा. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. पण आईनं मुलाशी रक्ताचं निकट नातं नसलेल्या माणसाशी लग्न केलं तर हा हक्क जातो. काका हा पुतणीचा महरम, म्हणून दिराशी लग्न केलं तर जात नाही. दिराचं स्थळ पुन्हापुन्हा पुढे येतं ते यामुळे.

मी आमच्या मौलानांकडे गेलो. तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. ते म्हणाले, "आईचा हक्क गेला तरी तो दादाकडे जात नाही. नानीकडे जातो. नानी नसेल तर मग दादीकडे. आणि नानीनं मुलगी आईजवळच राहू दिली, तर भांडण कशाचं?" मुलीची नानी म्हणजे माझी भावजय, ठणठणीत. शिवाय कोर्टात प्रकरण गेलं तर १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली न्यायाधीश मुलाचं हित कशात आहे हे पाहतात. आईनं लग्न केलं एवढ्यावरून मूल काढून घेतलंच जातं असं नाही. मौलानांनी मला उम्मे सलमांची आठवण करून दिली. अबू सलमा गेल्यावर पैगंबरांनी त्यांना मागणी घातली तेव्हा मुलं लहान आहेत ही त्यांची एक अडचण होती. ती मुलं आईबरोबर पैगंबरांच्या घरी वाढली. बिस्मिल्ला म्हणून उजव्या हातानं, आपल्या समोरचं खावं, हे आपण आपल्या पोरांना शिकवतो ना, ते पैगंबरांनी ज्या मुलाला शिकवलं तो उम्मे सलमांचा आधीचा मुलगा होता, उमर. घरोघरी ही हदीस पाठ आहे. तो मुलगा सावत्र होता, एवढंच कुणी सांगत नाही.

पण मूल कुणाकडे, या प्रश्नाच्या पोटात पैसे कुणाकडे हा प्रश्न असतो, आणि तो उघड मांडल्याशिवाय पहिला सुटत नाही. म्हणून आम्ही दोन्ही घरची माणसं एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. अंत्यविधीचा खर्च, गाडीचं कर्ज आणि मेहेर वजा जाता मुलाचं जे काही मागे राहिलं ते चोवीस लाख होतं. वारस चार: पत्नी, मुलगी, आई, बाप. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन लाख. एकुलत्या मुलीचा निम्मा, म्हणजे बारा. आईचा सहावा, म्हणजे चार. बापाचाही सहावा, चार. आणि उरलेला एक लाख निकटचा पुरुष वारस म्हणून पुन्हा बापालाच, म्हणून पाच. तीन, बारा, चार, पाच. चोवीस.

आकडे लिहून झाल्यावर खोलीत शांतता पसरली. सासऱ्यांना वाटत होतं की बहू सगळंच घेऊन दुसऱ्या घरी चालली. तिच्या वाट्याला तीनच लाख आहेत आणि त्यांना दोघांना मिळून नऊ, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. आणि आमच्या बाजूला वाटत होतं, की मुलीच्या बारा लाखांवर डोळा ठेवून तिला मागताहेत. तेही पूर्ण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मुस्लिम कायद्यानं अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा पालक बाप नसताना आजोबा असतो, आई नाही. आईला ते करायचं तर कोर्टानं नेमावं लागतं. म्हणजे मुलगी आईजवळ आणि तिच्या पैशाचा पालक आजोबा, असं हे कायद्यानंच विभागलेलं आहे. आजोबांनी ही जबाबदारी नातीला ठेवून घेण्याचं कारण म्हणून वापरायची, की तिच्यासाठी राखण म्हणून, एवढाच प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. नवरा पीएफ कापला जाणाऱ्या नोकरीत होता, त्यामुळे पुतणीला ईपीएसचं विधवा वेतन मिळत होतं, महिना बत्तीसशे, आणि मुलीचे आठशे वेगळे. विधवेनं लग्न केलं की तिचं वेतन बंद होतं. मग मुलीला अनाथाच्या दरानं मिळतं, म्हणजे विधवा वेतनाच्या पाऊणपट, चोवीसशे. चार हजारांचे चोवीसशे होणार. अनेक घरांमध्ये हे माहीत नसतं. मग लग्नानंतरही कुणी कार्यालयाला कळवत नाही आणि दोन-तीन वर्षांनी वसुलीची नोटीस येते. किंवा उलट, पेन्शन जाईल म्हणून निकाहच होत नाही, नुसतंच 'पुढे बघू' चालू राहतं.

शेवटी जे ठरलं ते निकाहनाम्यात आणि सोबत एका स्टँपपेपरवर लिहिलं. मुलगी आईजवळ राहील. तिच्या नावापुढे तिच्या बापाचंच नाव राहील. सावत्र बाप शाळेत पालक म्हणून सही करील. याबाबत नव्या नवऱ्याला वाईट वाटेल अशी मला भीती होती, पण तोच म्हणाला, की मुलीचं नाव बदलणं इस्लाममध्ये नाहीच. तो तिचा वारसाहक्कानं काही लागत नाही, हेही त्याला माहीत होतं. द्यायचं असेल तर वसियतनं एक तृतीयांशापर्यंत देता येतं, ते तो पुढे ठरवील. महिन्यातले दोन रविवार आणि मोठ्या सुटीचा निम्मा काळ मुलगी आजोबा-आजींकडे. आणि बारा लाख तिच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत, पालक आजोबा, दर वर्षी ठेवीची पावती पुतणीला दाखवायची. आजोबांनी हे शेवटचं कलम स्वतःच घातलं.

निकाहाच्या अटी लिहिणं आपल्याकडे अपशकुनी मानतात. पहिल्या निकाहात ते एक वेळ चालून जाईल. दुसऱ्या निकाहात न लिहिलेली प्रत्येक गोष्ट मुलाच्या अंगावर येते. आमच्या ओळखीत दोन मुली अशा आहेत, ज्यांचे दुसरे निकाह धूमधडाक्यात झाले, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, आणि त्यांची मुलं आज नानीकडे वाढताहेत. आई ईदेला भेटायला येते. त्या मुलींना कुणी सक्ती केली नव्हती. लग्न ठरताना मुलांचा विषय निघाला तेव्हा मध्यस्थ म्हणाले होते, "बाद में देख लेंगे." म्हणून मला 'जमाना बदला' म्हणायला जड जातं. आपण विधवेचं आणि तलाकवालीचं लग्न मान्य केलं आहे, पण तिनं आधीचं आयुष्य उंबऱ्याबाहेर ठेवून यावं, या अटीवर. विधुराला आपण ही अट कधी घालतो?

निकाहाच्या दिवशी मी पुतणीच्या खोलीत गेलो. दोन साक्षीदार सोबत होते. नाव, मेहेर, सगळं सांगून मी विचारलं. ती पहिल्या लग्नात लाजून गप्प बसली होती, तेव्हाही वकील मीच होतो. या वेळी तिनं मान वर करून सांगितलं, "कबूल है, बडे अब्बा." तिची मुलगी मांडीवर बसून मेंदीचा कोन उघडायचा प्रयत्न करत होती.

रात्री पाहुणे गेल्यावर आपा आणि मी अंगणात बसलो होतो. तीस वर्षं मी जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. औषधाच्या दुकानाचं स्थळ, मशिदीबाहेरचं बोलणं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "त्यांची मुलगी केवढी होती?" मला माहीत नव्हतं. मी तेवढीही चौकशी केली नव्हती.

मागच्या महिन्यात मी आमच्या जमातीच्या मीटिंगमध्ये एक अर्ज दिला. निकाहाच्या रजिस्टरमध्ये 'पहिला/दुसरा' असा रकाना आहेच. दुसरा असेल तर त्याखाली तीन ओळी वाढवाव्यात: आधीच्या निकाहाची मुलं किती, ती कुणाकडे राहणार, आणि त्यांच्या पैशाचा पालक कोण. वधूसाठी आणि वरासाठी, दोघांसाठी. एक बुजुर्ग म्हणाले, की लोक बिचकतील, स्थळं मोडतील. मौलाना म्हणाले, जी मोडायची ती त्याच दिवशी मोडलेली बरी. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे. मी आपालाही अर्जाखाली सही करायला सांगितलं होतं. तिनं केली, आणि नावापुढे कंसात 'बेवा, १९९४' असं लिहिलं.